निवेदन, संगीत आणि साउंड इफेक्ट यांचा मेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतीचे व्हिडिओ, गावच्या बातम्या, भजनाचं चित्रीकरण, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती असं काहीतरी तयार करणारी मंडळी वर्धा, यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत गावोगावी आहेत. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे: पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे, यावरचा सहा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात एका माणसाचं निवेदन आहे, मागे संगीत आहे आणि अधूनमधून वावरातले आवाज आहेत.

१. बोलणं चालू असताना संगीत किती खाली ठेवायचं? एकच आकडा सांगा.

बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली. एकच आकडा हवा असेल तर १८ धरा.

करमणुकीच्या व्हिडिओत १५ चालतं. औषधाचं प्रमाण, तारीख, भाव, फोन नंबर असं काही सांगत असाल तर २० कडे जा. वेबवरची सामग्री सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही, सर्वांत कडक पातळीवर, मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावा असंच म्हटलं आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मागच्या गोंगाटातून शब्द वेगळे काढणं फार जड जातं. आपले बरेच प्रेक्षक वयस्क शेतकरी आहेत, हे मिक्सिंग करताना डोक्यात असू द्या.

तुम्हाला हेडफोनवर संगीत “जरा जास्तच खाली गेलं” असं वाटेल. तुम्ही निवेदन स्वतः लिहिलेलं असतं, पुढचा शब्द तुम्हाला आधीच माहीत असतो, म्हणून तो दबलेला असला तरी तुम्हाला ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती सोय नसते.

२. मीटर लाल होतो तरी बोलणं बारीक ऐकू येतं. असं काऊन?

मीटरवर दिसतं ते शिखर, म्हणजे एका क्षणाची सर्वांत उंच उडी. कानाला जाणवतो तो मोठेपणा काही सेकंदांच्या सरासरीतून येतो. “पाणी”, “फवारणी” म्हणताना माइकवर हवा आपटली की मीटर क्षणभर लाल होतो, पण बाकीचं वाक्य पार खाली असतं.

म्हणून पातळी जुळवायला एलयूएफएस हे माप वापरा. स्क्रीनवर ते LUFS असं दिसतं. हे माप कानाच्या जाणिवेच्या जवळ जाणारं आहे आणि मधल्या लांब शांतता ते मोजणीतून वगळतं, त्यामुळे थांबत थांबत बोलणाऱ्याचा आकडा उगाच खाली येत नाही. आकडे उणे असतात: उणे १६ हे उणे २४ पेक्षा मोठं. दोन आवाजांमधला फरक मात्र साध्या डेसिबलमध्येच सांगायचा. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट-निमपट वाटतो.

३. आधी संगीत लावून त्यावर बोलणं बसवू, की आधी बोलणं?

आधी बोलणं, आणि तेही पूर्ण साफ करून. बोलणं आलं की संगीत उतरवायचं, याला डकिंग म्हणतात, आणि त्याचा सगळा हिशोब बोलण्याच्या पातळीवर चालतो. निवेदन एका वाक्यात मोठं आणि दुसऱ्यात बारीक असेल, तर संगीतही तसंच वेडंवाकडं दबेल.

मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. बोलून झाल्यावर पाचदहा सेकंद गप्प राहून जागेचा रिकामा आवाजही घ्या, तो प्रश्न ७ मध्ये लागेल. मग ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढून टाका. त्यात माणसाच्या बोलण्याचं जवळजवळ काही नसतं, फक्त वाऱ्याची घरघर आणि माइकला लागलेला हात. त्यानंतर हलकं कॉम्प्रेशन द्या (३:१ पुरे), म्हणजे शब्द एका पातळीवर येतील. मग सगळं निवेदन एका ठरावीक मोठेपणावर आणा. आपल्या उदाहरणात ते उणे १८ एलयूएफएस ठेवलं आहे. इथपर्यंत संगीताला हात लावायचा नाही.

४. ऑटो डकिंग म्हणजे नेमकं काय होतं?

बोलणं सुरू झालं की संगीत आपोआप खाली जातं, बोलणं थांबलं की परत वर येतं. सॉफ्टवेअर निवेदनाच्या ट्रॅकवर लक्ष ठेवतं. तिथली पातळी तुम्ही ठरवलेल्या उंबरठ्याच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेली की संगीताच्या ट्रॅकचा व्हॉल्युम उतरवतं.

चार गोष्टी तुम्हाला ठरवाव्या लागतात: उंबरठा किती, संगीत किती डेसिबल उतरवायचं, किती वेळात उतरवायचं, आणि बोलणं थांबल्यावर किती थांबून, किती वेळात परत चढवायचं. पहिल्या दोन चुकल्या तर शब्द ऐकू येत नाहीत. शेवटच्या दोन चुकल्या तर शब्द ऐकू येतात, पण कान वैतागतो.

हे काम करणारी साधनं दोन जातींची आहेत. ऑडॅसिटी या संगणकावरच्या साउंड एडिटिंग सॉफ्टवेअरचं `Auto Duck` आधी पूर्ण निवेदन वाचतं, त्यामुळे पहिला शब्द यायच्या आधीच संगीत उतरवू शकतं. साइडचेन कॉम्प्रेसर मात्र शब्द कानावर पडल्यावर हलतो, म्हणून पहिलं अक्षर कधीकधी संगीताखाली जातं. त्यावरचा उपाय प्रश्न ११ मध्ये आहे.

५. ऑडॅसिटीत हे कसं करायचं, आकड्यांसकट सांगा.

कामगंध सापळ्याचाच व्हिडिओ घेऊ. निवेदन प्रश्न ३ प्रमाणे तयार आहे. निवेदक दोन वाक्यांच्या मध्ये पाऊण सेकंद थांबतो. सापळा काठीला बांधतानाची आणि ल्युअर, म्हणजे गंधाची गोळी, बसवतानाची दृश्यं सहा ते आठ सेकंदांची आहेत आणि तेव्हा तो काहीच बोलत नाही. संगीत वर यायला हवं ते फक्त अशा दृश्यांत.

आधी संगीताचा ट्रॅक निवडून `Loudness Normalization` ने उणे २४ एलयूएफएसवर आणा. निवेदन उणे १८ वर आहे, म्हणजे मोकळ्या जागीही संगीत निवेदनापेक्षा ६ डेसिबल खालीच राहील. हे मुद्दाम. मोकळ्या जागी संगीत निवेदनाइतकंच मोठं ठेवलं, तर दृश्य बदललं की ऐकणारा दचकतो आणि मोबाईलचा आवाज कमी करतो. मग पुढचं बोलणं त्याला ऐकू येत नाही.

त्याच खिडकीत मोनो ट्रॅक डबल-मोनो धरण्याची खूण असते, ती दोन्ही ट्रॅकसाठी तशीच राहू द्या. नाहीतर मोनो निवेदन आणि स्टिरिओ संगीत यांच्या आकड्यांत ३ डेसिबलची तफावत पडते.

आता ट्रॅकचा क्रम पाहा. संगीत वर आणि निवेदन त्याच्या लगेच खाली हवं. फक्त संगीत निवडा आणि `Effect` मधून `Auto Duck` उघडा. निवेदन खाली नसेल तर कंट्रोल ट्रॅक सापडत नाही असा संदेश येतो. या व्हिडिओसाठी भरायचे आकडे असे:

```
Duck amount:             -12 dB
Maximum pause:           2.0 s
Outer fade down length:  0.5 s
Outer fade up length:    1.0 s
Inner fade down length:  0 s
Inner fade up length:    0 s
Threshold:               -30 dB
```

६ चा फरक आधीच होता, त्यात १२ ची भर पडून बोलण्याखाली संगीत १८ डेसिबल खाली गेलं. `Maximum pause` २ सेकंद असल्यामुळे वाक्यांमधल्या पाऊण सेकंदाच्या थांब्यांत संगीत हलत नाही, सापळा बांधतानाच्या दृश्यात मात्र सावकाश वर येतं.

खात्री करून घ्या. सलग बोलण्याचे दहाएक सेकंद निवेदनाच्या ट्रॅकवर निवडा आणि `Analyze` मधलं सरासरी पातळी मोजणारं `Measure RMS` चालवा. तेवढाच तुकडा संगीताच्या ट्रॅकवर निवडून पुन्हा मोजा. फरक १८ च्या आसपास आला तर झालं. १० च्या खाली आला तर त्या तुकड्यात डकिंग लागलेलंच नाही किंवा संगीत तिथे अचानक मोठं झालं आहे.

शेवटी दोन्ही ट्रॅक एकत्र करून नवा ट्रॅक बनवा, तो उणे १६ एलयूएफएसवर आणा आणि त्यावर शिखरं उणे १.५ डेसिबलच्या वर जाऊ न देणारा लिमिटर लावा. मूळ प्रोजेक्ट वेगळा जपून ठेवा, कारण `Auto Duck` संगीताचा ट्रॅक कायमचा बदलतं.

६. संगीत दर दोन शब्दांनी वरखाली होतं, धाप लागल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?

परत चढण्याची घाई. बोलणारा श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात संगीत उसळून वर येतं आणि पुढच्या शब्दाला पुन्हा आदळतं. ऑडॅसिटीत `Maximum pause` वाढवा. साइडचेन कॉम्प्रेसर असेल तर रिलीज, म्हणजे परत चढायला लागणारा वेळ, ८०० ते १२०० मिलिसेकंद करा आणि होल्डची, म्हणजे चढण्याआधी थांबण्याची, सोय असेल तर अर्धा सेकंद द्या.

आकडा अंदाजाने टाकू नका. निवेदकाच्या वाक्यांमधले थांबे टाइमलाइनवर मोजा, त्यातल्या सर्वांत लांब नेहमीच्या थांब्यापेक्षा थोडा जास्त काळ द्या. आपल्याकडची वडीलधारी माणसं सावकाश बोलतात. सरपंच किंवा एखादे अनुभवी शेतकरी बोलत असतील तर दीड-दोन सेकंदांचा थांबा सहज येतो, तिथे ३ सेकंदही द्यावे लागतात.

दुसरं कारण, संगीत फार खोल उतरवलेलं असतं. मोकळ्या जागी मोठं आणि बोलण्याखाली २० डेसिबल उतरवलेलं संगीत कितीही हळू हलवलं तरी हालचाल कळते. संगीत मुळातच ६ ते ८ डेसिबल खाली ठेवा, म्हणजे डकिंगला १०-१२ चंच काम उरतं. फरक तोच पडतो, पण हालचाल जाणवत नाही.

७. वावरात रेकॉर्ड केलेल्या निवेदनावर संगीत एकदा दबलं की वर येतच नाही.

कारण सॉफ्टवेअरला बोलणं आणि आवाज यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. शेजारच्या वावरात थ्रेशर चालू असेल, मोटरपंपाची घरघर असेल किंवा वारा सुटला असेल, तर बोलणं थांबल्यावरही ट्रॅकची पातळी उंबरठ्याच्या वरच राहते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने माणूस अजून बोलतोच आहे.

प्रश्न ३ मध्ये घेतलेला रिकाम्या जागेचा तुकडा आता कामी येतो. त्याचं `Measure RMS` करा, मग बोलण्याचं करा. समजा बोलणं उणे १८ आणि रिकामी जागा उणे ४५ आली, तर उणे ३० चा उंबरठा मधोमध बसतो आणि काही अडचण नाही. रिकामी जागा उणे ३२ आली तर उंबरठा उणे २६ पर्यंत वर न्यावा लागेल. पण मग वाक्याच्या शेवटी पडणारा आवाज, “...लावायचा नाही” मधला “नाही”, उंबरठ्याखाली जाऊ शकतो आणि नेमक्या त्याच शब्दावर संगीत चढू लागतं. असं झालं की वाक्याचा अर्थच फिरतो.

त्यापेक्षा निवेदनाची दुसरी प्रत काढा. ती कुणाला ऐकवायची नाही, फक्त डकिंगला दाखवायची. या प्रतीवर बिनधास्त कापाकापी करा: २०० हर्ट्झखालचं आणि ४००० हर्ट्झवरचं काढा, नॉइज रिडक्शन जोरात लावा, त्यावर ठरावीक पातळीखालचं सगळं बंद करणारं नॉइज गेट लावा. ऐकायला ती पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी लागेल, पण तिच्यात बोलणं कुठे आहे आणि कुठे नाही हे स्पष्ट असेल. ऑडॅसिटीत ही प्रत संगीताच्या लगेच खाली ठेवून `Auto Duck` चालवा आणि काम झाल्यावर प्रत म्यूट करा.

बोलणं आणि थ्रेशर यांत १० डेसिबलचाही फरक नसेल तर कोणतंही स्वयंचलित साधन चालणार नाही. एन्व्हलप टूलने हाताने संगीत उतरवा. किंवा माझं मत विचाराल तर त्या तुकड्यात संगीत ठेवूच नका, मागे एक गोंगाट आधीच आहे.

८. आकडे बरोबर आहेत, संगीत १८ डेसिबल खाली आहे, तरी शब्द नीट कळत नाहीत.

मग अडचण पातळीची नाही, जागेची आहे. मराठीत “स”, “त”, “ठ”, “च”, “श” ही व्यंजनं साधारण २००० हर्ट्झच्या वर वाजतात आणि स्वरांपेक्षा खूप बारीक असतात. त्याच पट्ट्यात बासरी, सनई, टाळ किंवा झांजा असतील तर स्वर ऐकू येतात पण व्यंजन झाकलं जातं.

हे शेतीच्या व्हिडिओत किती महाग पडतं ते पाहा. “दहा लिटर पाण्यात वीस मिली” आणि “तीस मिली” यांत फरक फक्त एका व्यंजनाचा आहे. “आठ” आणि “साठ” यांत तर “स” गेला की एकच शब्द उरतो. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले की उपाय करायचा, अशी शिफारस असते. तो “आठ” ऐकणाऱ्याने अंदाजाने ओळखायचा नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले. औषधाचा आकडा सांगताना मागे झांज वाजत असावी, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

उपाय क्रमाने करा. पहिला, संगीतच बदला: ज्यात गाण्याचे शब्द नाहीत आणि वरच्या पट्टीत सतत काही वाजत नाही असं निवडा. मागे मराठी गाणं असेल तर कितीही खाली करा, कान त्याचे शब्द पकडायला जातोच. दुसरा, संगीताच्या ट्रॅकवर इक्वलायझरने २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा ४-५ डेसिबलने खाली घ्या. निवेदनाला हात न लावता ते पुढे आल्यासारखं वाटेल. तिसरा, आकडा उच्चारताना संगीत पूर्ण बंद करा. दोन सेकंदांची शांतता पडली की ऐकणाऱ्यालाही कळतं की आता महत्त्वाचं आहे.

९. साउंड इफेक्ट किती मोठे ठेवायचे? त्यांनाही डकिंग लावायचं का?

इफेक्टचे दोन प्रकार वेगळे धरा. सतत चालणारा वातावरणाचा आवाज, म्हणजे पाखरं, वारा, दूरच्या बंडीचे घुंगरू, हा निवेदनापेक्षा २५ ते ३० डेसिबल खाली ठेवून अख्ख्या व्हिडिओभर तसाच चालू द्यायचा. त्याला डकिंग लावू नका. वातावरण वरखाली झालं की प्रत्येक वाक्यागणिक कुणीतरी दार उघडतंय-लावतंय असं वाटतं.

क्षणाचा आवाज, म्हणजे काठी जमिनीत ठोकल्याचा किंवा फवारणी पंपाचा फुसकारा, हा निवेदनापेक्षा ६ ते १० डेसिबल खाली पुरतो. पण त्याची जागा बोलण्याच्या फटीत हवी. ठोका शब्दावर पडला तर व्हॉल्युम कमी करत बसू नका, ठोका पाव सेकंद सरकवा. दृश्यात काठी आपटताना दिसत असेल आणि आवाज सरकवता येत नसेल, तर निवेदन सरकवा.

एक बारीक गोष्ट: इफेक्टचा ट्रॅक डकिंगच्या कंट्रोल ट्रॅकमध्ये मिसळू देऊ नका. मिसळला तर प्रत्येक ठोक्याला संगीत खाली बसतं.

१०. संगणक नाही, सगळं मोबाईलवरच करतो. डकिंग कसं करू?

काही अ‍ॅपमध्ये डकिंगचं बटण असतं, पण बहुतेक ठिकाणी थांबण्याचा काळ बदलता येत नाही, म्हणून प्रश्न ६ मधली धाप लागते. हाताने केलेलं बरं. अ‍ॅपमध्ये व्हॉल्युमचे की-फ्रेम असतील तर बोलण्याच्या अर्धा सेकंद आधी एक, बोलणं सुरू होताना एक, संपल्यावर एक आणि त्यानंतर एका सेकंदाने एक असे चार बिंदू प्रत्येक मोठ्या तुकड्याला टाका. की-फ्रेम नसतील तर संगीत कापून तुकड्यांचा व्हॉल्युम वेगवेगळा ठेवा.

मोबाईलवर व्हॉल्युम टक्क्यांत असतो. टक्के सरळ प्रमाणात चालत असतील तर ५० टक्के म्हणजे ६ डेसिबल खाली, २५ म्हणजे १२ आणि १२ टक्के म्हणजे साधारण १८. लोक बोलण्याखाली संगीत ४०-५० टक्क्यांवर ठेवून “अर्धं तर केलं” म्हणतात. कानाला ते अर्धं लागत नाही.

११. बऱ्याच फाईल आहेत. सगळ्यांना एकदम लावता येईल का?

येईल, एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरने. खालची कमांड एका फाईलची आहे, बाकीच्या फाईलींसाठी नावं बदलून तीच चालवा. निवेदन आणि संगीत प्रश्न ५ प्रमाणे उणे १८ आणि उणे २४ वर आणलेलं असू द्या.

```
ffmpeg -i nivedan.wav -stream_loop -1 -i sangeet.wav \
-filter_complex "[0:a]pan=stereo|c0=c0|c1=c0,asplit=2[v][k];\
[1:a][k]sidechaincompress=threshold=0.03:ratio=6:attack=50:release=900[d];\
[v][d]amix=inputs=2:duration=first:normalize=0[out]" \
-map "[out]" -ar 48000 mix.wav
```

विंडोजवर ओळींच्या शेवटचे `\` काढून सगळं एका ओळीत लिहा. निवेदन इथे मोनो धरलं आहे. संगीत लहान असेल तर ते आपोआप पुन्हा सुरू होतं आणि निवेदन संपलं की थांबतं. `threshold=0.03` म्हणजे साधारण उणे ३० डेसिबल. उणे १८ चं बोलणं त्याच्या १२ डेसिबल वर जातं आणि ६:१ च्या हिशोबाने संगीत सुमारे १० डेसिबल उतरतं. `normalize=0` विसरलात तर दोन्ही आवाज आपोआप खाली येतील आणि जुळवलेले आकडे निरर्थक होतील. हा पर्याय जुन्या आवृत्त्यांत नाही, ४.४ किंवा नंतरची वापरा.

पहिलं अक्षर दबत असेल तर ऐकायच्या निवेदनाला, म्हणजे `[v]` ला, `adelay=300|300` लावा. डकिंगला बोलणं तीनशे मिलिसेकंद आधी कळतं आणि संगीताला उतरायला वेळ मिळतो. व्हिडिओवर बसवताना आवाज तेवढाच मागे ओढायला विसरू नका.

या मिश्रणावर पुन्हा `loudnorm` एकाच फेरीत चालवू नका. ते चालता चालता पातळी बदलतं, बोलण्याच्या मधल्या जागा भरून काढायला संगीत वर खेचतं, आणि डकिंगची मेहनत पुसली जाते. पातळी मोजा आणि साध्या `volume` ने हवी तेवढी वाढवा:

```
ffmpeg -i mix.wav -af ebur128 -f null -
```

शेवटी `I:` समोर एकूण मोठेपणा दिसतो.

१२. यूट्यूबवर टाकल्यावर आवाज कमी होतो. आधीच जास्त मोठा करून टाकू का?

नको. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज खाली आणतं, बारीक आवाज मात्र वर नेत नाही. उणे ८ वर दाबून बसवलेला व्हिडिओ ६ डेसिबल खाली येतो आणि लिमिटरने चिरडलेला आवाज तसाच चिरडलेला राहतो. उलट त्या दाबण्यात संगीत निवेदनाच्या जवळ आलेलं असतं, ते नुकसान भरून निघत नाही. उणे १४ ते उणे १६ च्या मध्ये ठेवा, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

संगणकावर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडा. तिथे `content loudness` समोर अधिकचा आकडा असेल तर तेवढा आवाज कमी केला जातो आहे, उणे असेल तर काहीही केलेलं नाही.

१३. भजन, दंडार किंवा तान्हा पोळ्याचं चित्रीकरण आहे आणि वरून माहिती सांगायची आहे. इथेही १८ डेसिबल?

नाही. इथे संगीत मागचं नाही, तेच दृश्य आहे. ढोलकी वाजवणारा हात पडद्यावर दिसतो आणि आवाज अचानक १८ डेसिबल खाली जातो, हे खोटं वाटतं. ८ ते १० डेसिबल उतरवा, उतरायला एक-दीड सेकंद द्या, आणि निवेदन छोटं ठेवा. शब्द कळायला प्रश्न ८ मधला इक्वलायझर इथे जास्त उपयोगी पडतो. गाणाऱ्याचे शब्द चालू असताना मध्ये बोलू नका. कडवं संपून वाद्यं एकटी वाजतात तिथे बोला. डकिंग ऑटोवर न ठेवता हाताने केलं तरच उतार तालाच्या समेवर पडतो, आणि समेवर पडलेला उतार कुणाच्या लक्षातही येत नाही.

१४. नाटकाची जाहिरात गाडीवरच्या भोंग्यावर वाजवायची आहे. हेडफोनवर छान लागते, भोंग्यावर काहीच कळत नाही.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न वडसा, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून हमखास येतो. वरचे बरेच नियम इथे बदलतात.

भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ५-६ हजार हर्ट्झच्या वरचं काही वाजवत नाही. म्हणजे संगीताचा ठेका गायब होतो आणि उरतं ते नेमकं बोलण्याच्या पट्ट्यातलं संगीत. हेडफोनवर १८ डेसिबल वाटणारा फरक भोंग्यावर त्यामुळे बराच कमी होतो. त्यात गाडी चालती, घरांच्या भिंतींवरून आवाज परत येतो, आणि ऐकणारा अंगणात काम करत असतो.

म्हणून बोलण्याखाली संगीत ठेवू नका. चारपाच सेकंद संगीत, मग पूर्ण बंद, मग नाटकाचं नाव, गाव, तारीख, वेळ, पुन्हा संगीत. उतार अर्ध्या सेकंदाचा पुरतो, इथे नाजूकपणा कुणाला ऐकू जात नाही. निवेदनाला २५०-३०० हर्ट्झचा हाय-पास लावा, भोंग्याला न झेपणारा खालचा भाग काढला की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद शब्दांवर लागते. कॉम्प्रेशन ५:१ किंवा ६:१ पर्यंत न्या, भोंग्यावर सगळे शब्द एका उंचीवर हवेत. फाईल मोनो करून ऐका, कारण काही संगीत मोनो केल्यावर पोकळ होतं. बोलण्याचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि गावाचं नाव व तारीख दोनदा सांगा, कारण पहिल्यांदा ऐकू येईपर्यंत गाडी अर्धी पुढे गेलेली असते.

गाडीत बसून कुणी माइकवर थेट बोलणार असेल तर वेगळं डकिंग करायची गरज पडत नाही. बऱ्याच पी.ए. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये माइकला प्राधान्य देण्याची सोय असते, बोलायला लागलं की बाकीचा इनपुट आपोआप दबतो. भाड्याने सिस्टीम घेताना ती सोय आहे का ते विचारा, आणि असेल तर कोणत्या माइक इनपुटला लागू आहे तेही पाहा, कारण बहुधा ती एकाच इनपुटला असते.